बोबो बाहुला आणि हिरावलेली खेळणी

आक्रमकता येते कुठून, या प्रश्नाला १९३९ साली येल विद्यापीठातील पाच अभ्यासकांनी एका वाक्यात मावेल असे उत्तर दिले. जॉन डोलार्ड, लिओनार्ड डूब, नील मिलर, होबार्ट मौरर आणि रॉबर्ट सिअर्स यांच्या छोटेखानी पुस्तकाचे म्हणणे असे होते, की माणूस आक्रमक झाला असेल तर त्यामागे वैफल्य असतेच आणि वैफल्य आले की कोणत्या ना कोणत्या रूपात आक्रमकता येतेच. वैफल्य हा शब्द त्यांनी निराशा किंवा खिन्नता या अर्थाने वापरला नव्हता. एखाद्या उद्दिष्टाकडे चाललेल्या माणसाची वाट मध्येच अडवली जाणे, एवढाच त्याचा अर्थ. ज्याने वाट अडवली त्याच्यावर राग काढता आला नाही, तर तो दुसऱ्या कुणावर तरी निघतो. साहेबाचा राग घरी बायकामुलांवर निघतो, हे नेहमीचे निरीक्षण या मांडणीत नेमके बसत होते. शिवाय एकदा राग निघून गेला की पुढची आक्रमकता कमी होते, असेही ते मानत. झाकण घट्ट लावलेल्या भांड्यातली वाफ जशी कुठून तरी बाहेर पडणारच, तसे हे चित्र होते.

यातला ‘च’ फार काळ टिकला नाही. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, मिलर यांनी स्वतःच दुरुस्ती केली. वैफल्यामुळे अनेक प्रकारच्या प्रतिक्रियांची प्रेरणा निर्माण होते आणि आक्रमकता ही त्यांपैकी एक, असे त्यांनी लिहिले. अडवला गेलेला माणूस रडतो, नाद सोडून देतो, दुसरी वाट शोधतो किंवा मदत मागतो. त्याच सुमारास कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना आकर्षक खेळणी दाखवली आणि मग मध्ये जाळी ओढून ती त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवली. त्या मुलांचे खेळणे त्यांच्या वयाला न शोभेल इतके बाळबोध झाले. म्हणजे एकाच अडथळ्यातून काहीतरी वेगळेच निघाले होते.

१९५२ मध्ये निकोलस पास्टोर यांनी आणखी एक मुद्दा पुढे आणला, आणि तो कुठल्याही बसथांब्यावर ताडून पाहता येतो. त्यांनी लोकांपुढे काल्पनिक प्रसंग ठेवले. तुम्ही योग्य थांब्यावर उभे आहात आणि चालक मुद्दाम बस न थांबवता निघून जातो, असे म्हटल्यावर लोकांनी रागाची उत्तरे दिली. पण ती बस प्रवासी न घेता आगाराकडे चालली होती असे सांगितल्यावर राग बराच ओसरला. दोन्ही वेळा बस चुकलीच होती. फरक पडला तो अडवणुकीला काही कारण आहे की ती मनमानी आहे, या समजुतीने.

लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी पुढची तीस वर्षे या गृहीतकाची डागडुजी केली. १९८९ च्या त्यांच्या मांडणीत वैफल्य हे स्वतःच्या बळावर काही करत नाही. ते अप्रिय भावना निर्माण करते, आणि आक्रमकतेकडे ढकलते ती ही अप्रियता. म्हणूनच उकाडा, वेदना आणि दुर्गंधी यांनीही माणसे चिडखोर होतात. शिवाय त्या वेळी समोर कोणत्या गोष्टी आहेत, त्या काय सुचवतात, यावरही पुढचे बरेच अवलंबून असते. एवढी दुरुस्ती झाल्यावर मूळ गृहीतकाचा रेखीवपणा गेला, पण ते खरे ठरण्याची शक्यता वाढली.

तरीही एका प्रश्नाला या मांडणीकडे उत्तर नव्हते. चिडलेला एक मुलगा दार आपटतो, दुसरा शिवी देतो आणि तिसरा बरोबर नाकावर गुद्दा मारतो. हे विशिष्ट रूप कुठून येते? स्टॅनफर्ड विद्यापीठातील अल्बर्ट बांडुरा यांनी हाच प्रश्न धरला. आक्रमक वर्तन हे इतर वर्तनासारखेच शिकले जाते, आणि ते स्वतः करून बक्षीस मिळवण्याची गरज नसते, दुसऱ्याला करताना पाहिले तरी पुरते, असे त्यांचे सामाजिक अध्ययनाचे म्हणणे होते. १९६१ साली डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आज मानसशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. मात्र त्यातला एक मधला टप्पा सांगताना हमखास गाळला जातो, आणि तोच इथे सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रयोगात स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ७२ मुले होती, ३६ मुलगे आणि ३६ मुली, सरासरी वय सव्वाचार वर्षांच्या आसपास. ती मुले मुळात किती आक्रमक आहेत हे बालवाडीच्या शिक्षिकेने आणि प्रयोगकर्तीने आधीच गुण देऊन ठरवले होते आणि त्यानुसार सारखी मुले वेगवेगळ्या गटांत वाटली होती. २४ मुलांनी एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या पाच फुटी बोबो बाहुल्यावर तुटून पडताना पाहिले. तो बाहुल्याला आडवे पाडून त्याच्यावर बसे, नाकावर गुद्दे मारी, लाकडी हातोडा डोक्यात घाली, हवेत उडवी, लाथेने खोलीभर ढकलत नेई आणि सोबत ठरावीक वाक्ये म्हणे. दुसऱ्या २४ मुलांसमोरचा माणूस बाहुल्याकडे ढुंकूनही न पाहता शांतपणे जोडणीच्या खेळण्यांशी खेळत बसला. उरलेल्या २४ जणांना कुणीच दाखवले नाही.

त्यानंतर तो गाळला जाणारा टप्पा. प्रत्येक मुलाला दुसऱ्या खोलीत नेण्यात आले. तिथे अग्निशामक गाडी, रेल्वेचे इंजिन, लढाऊ विमान, रंगीत भोवरा, कपड्यांसह बाहुलीचा संच अशी झकास खेळणी मांडलेली होती. मूल त्यात रमले की, साधारण दोन मिनिटांनी, प्रयोगकर्ती सांगे की ही तिची सर्वांत चांगली खेळणी आहेत, ती कुणालाही खेळू देत नाही आणि ती तिने दुसऱ्या मुलांसाठी राखून ठेवली आहेत. मग मुलाला शेवटच्या खोलीत नेले जाई. म्हणजे तिन्ही गटांतल्या मुलांना मुद्दाम आणि सारखेच वैफल्य दिले होते, तेही पास्टोर यांच्या अर्थाने मनमानी. येलच्या गृहीतकाला पर्याय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या प्रयोगातच त्या गृहीतकातली ठिणगी पेरलेली होती. संशोधकांना तिची गरज वाटली, कारण चिडण्याचे काहीच निमित्त नसेल तर शांत मुलांत फरक दिसणारच नाही, आणि दुसऱ्याची मारामारी पाहून मूल उलट बिचकण्याचीही शक्यता होती.

शेवटच्या खोलीत तीन फुटी बोबो होता, हातोडा होता, बाण मारायच्या दोन बंदुका होत्या. चहाचा संच, रंगखडू, चेंडू, अस्वले, गाड्या आणि प्लॅस्टिकचे प्राणीही होते. मूल तिथे वीस मिनिटे राही आणि एकतर्फी आरशामागून दर पाच सेकंदांनी त्याची कृती नोंदली जाई. मारहाण पाहिलेल्या मुलांनी ती हुबेहूब केली, वाक्यांसकट. पुरुष प्रतिमान पाहिलेल्या मुलग्यांचा शारीरिक अनुकरणाचा सरासरी गुणांक २५.८ भरला. काहीच न पाहिलेल्या मुलग्यांचा होता २.०. मुलींमध्ये शारीरिक अनुकरण बरेच कमी आढळले, बोलण्याच्या अनुकरणात मात्र त्या मागे नव्हत्या. आक्रमक प्रतिमान न पाहिलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांचे अनुकरण शून्यावर होते.

हे आकडे दोन्ही सिद्धांतांच्या चष्म्यातून वाचता येतात. खेळणी हिरावल्याचा राग सगळ्यांनाच आला असणार, तरी त्या रागातून हातोडा डोक्यात घालण्याची कृती कुणी केली हे ठरले आधी काय पाहिले त्यावरून. वैफल्याने धक्का दिला, उदाहरणाने दिशा दिली. या एका प्रयोगापुरते पाहिले तर दोन सिद्धांत वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. बांडुरा स्वतः मात्र एवढ्यावर समाधानी नव्हते. वैफल्याने फक्त एक भावनिक खळबळ निर्माण होते आणि तिचे पुढे काय करायचे हे माणूस शिकलेल्या सवयींवर ठरते, अशी त्यांची भूमिका होती. ज्याला मदत मागायला शिकवले आहे, तो अडल्यावर मदत मागेल.

१९६३ मध्ये त्याच चमूने जिवंत माणसाऐवजी चित्रफीत आणि मांजराच्या वेशातले कार्टूनसदृश पात्र वापरून प्रयोग पुन्हा केला. पडद्यावरचे पाहूनही मुलांनी तितकेच उचलले. १९६५ चा प्रयोग अधिक सूक्ष्म होता. चित्रफितीतल्या माणसाला एका गटापुढे शेवटी खाऊ आणि शाबासकी मिळाली, दुसऱ्यापुढे त्याला रागावून गुंडाळलेल्या मासिकाचा मार मिळाला आणि तिसऱ्यापुढे काहीच झाले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. पण नंतर जेवढे आठवेल ते करून दाखवा, प्रत्येक कृतीला फळांचा रस आणि चित्रांच्या चिकटपट्ट्या मिळतील, असे सांगताच गटांतला फरक नाहीसा झाला. शिक्षा पाहिलेली मुलेही सगळे शिकली होती, फक्त करत नव्हती. खलनायकाला शेवटी शिक्षा होते म्हणून चित्रपट निर्दोष, हा नेहमीचा बचाव या निष्कर्षापुढे जरा लंगडा पडतो.

आक्षेपही थोडे नाहीत. बोबो हे मार खाण्यासाठीच बनवलेले खेळणे होते. पाडले की ते आपोआप उभे राही, आणि अनोळखी बाहुल्यावर काय करायचे हे मुले मोठ्यांकडे पाहूनच ठरवणार. असा खेळ आणि दुसऱ्या मुलाला इजा करण्याचा हेतू यांत मोठे अंतर आहे. शिवाय मोजमाप पाहिल्यानंतर काही मिनिटांतच झाले. प्रयोग अनुकरण सिद्ध करतो, द्वेष नव्हे.

पुढे दूरचित्रवाणीवरील हिंसेचा अभ्यास सुरू झाला आणि हे दोन धागे एकमेकांत जास्तच गुंतले. बर्कोविट्झ आणि रसेल गीन यांनी १९६६ मध्ये विद्यार्थ्यांना आधी चिडवले. एका जोडीदाराने, जो खरे तर संशोधकांचाच माणूस होता, त्यांना विजेचे धक्के दिले. मग काहींना कर्क डग्लस यांच्या ‘चॅम्पियन’ या चित्रपटातील मुष्टियुद्धाचा प्रसंग दाखवला, काहींना शर्यतीची शांत फीत. नंतर त्याच जोडीदाराला धक्के द्यायची संधी मिळाली. सर्वाधिक धक्के दिले ते तीन गोष्टी एकत्र आलेल्यांनी. ते आधी चिडलेले होते, त्यांनी मारामारी पाहिली होती, आणि जोडीदाराचे नाव ‘कर्क’ असल्याचे त्यांना सांगितले होते. नुसती मारामारी पाहून शांत माणूस फारसा बदलला नाही, आणि नुसता चिडलेला माणूस कर्क नावाच्या जोडीदाराशी तितका क्रूर वागला नाही.

याच्या अगदी उलट निकाल १९७१ मध्ये सेमोर फेशबाख आणि रॉबर्ट सिंगर यांच्या हाती आला. त्यांनी निवासी संस्थांमधील मुलांच्या एका गटाला सहा आठवडे फक्त मारामारीचे कार्यक्रम दाखवले आणि दुसऱ्याला फक्त सौम्य कार्यक्रम. वसतिगृहांतल्या गरीब घरच्या मुलांमध्ये सौम्य कार्यक्रम पाहणारेच जास्त भांडले. हिंसा पाहून राग निचरून जातो, म्हणजे विरेचन होते, असा अर्थ लेखकांनी काढला आणि दूरचित्रवाणीच्या समर्थकांना तो आवडला. पण प्रयोगात एक भगदाड होते. सौम्य गटातल्या मुलांचे आवडते कार्यक्रम बंद झाले होते आणि ‘बॅटमॅन’ काढून घेतल्यावर त्यांनी एवढा निषेध केला की तो पाहण्याची परवानगी द्यावी लागली. मग ही मुले भांडली ती हिंसा पाहायला न मिळाल्यामुळे विरेचन अडले म्हणून, की मनपसंत गोष्ट हिरावल्यामुळे? दुसरे उत्तर १९३९ च्या पुस्तकात आयतेच लिहिलेले होते. प्रयोगाचे स्वतःचे वागणेच उपचार बनून बसले होते. याच धर्तीच्या नंतरच्या प्रयोगात हा निष्कर्ष टिकला नाही.

प्रयोगशाळेतली ही कोंडी टाळायची तर वर्षानुवर्षे त्याच मुलांचा माग काढावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातील कोलंबिया परगण्यात लिओनार्ड एरन आणि सहकाऱ्यांनी १९६० पासून हेच केले. तिसरीतल्या सुमारे आठशे सत्तर मुलांची आक्रमकता त्यांच्या वर्गमित्रांना विचारून मोजली, आणि आवडते कार्यक्रम आयांना विचारून नोंदवले. दहा वर्षांनी त्यांतील ४२७ जण पुन्हा सापडले. आठव्या वर्षी हिंसक कार्यक्रम आवडणारे मुलगे एकोणिसाव्या वर्षी अधिक आक्रमक होते, सहसंबंध ०.३१. उलट दिशेने, म्हणजे आठव्या वर्षीची आक्रमकता आणि एकोणिसाव्या वर्षीची कार्यक्रमांची आवड यांत जवळजवळ काहीच संबंध नव्हता. यावरून आधी पडदा आणि मग आक्रमकता, असा क्रम सुचतो. मुलींमध्ये मात्र असा संबंध मिळाला नाही, आणि ०.३१ चा सहसंबंध हा आक्रमकतेतल्या फरकापैकी सुमारे एक दशांश भागच समजावून सांगतो. घरचा मारझोडीचा वारसा, गरिबी आणि बापाची नोकरी हे सगळे उरलेल्या नऊ भागांत येते, आणि त्यातले काही त्या एका भागातही मिसळलेले असू शकते.

व्हिडिओ गेम आल्यावर प्रेक्षक स्वतःच कर्ता झाला आणि सामाजिक अध्ययनवाद्यांना धोका आणखी वाढल्यासारखा वाटला. आयोवा राज्य विद्यापीठातील क्रेग अँडरसन यांनी २०१० मध्ये एक लाख तीस हजार सहभागींवरील अभ्यास एकत्र करून हिंसक गेम आणि आक्रमक वर्तन यांतला लहान पण सातत्याने आढळणारा संबंध दाखवला. ख्रिस्तोफर फर्ग्युसन यांनी त्याच प्रकारचे साहित्य तपासून तो नगण्य असल्याचे मांडले. दोघांचा वाद वाढत गेला तशी एक अडचण स्पष्ट झाली. हिंसक आणि सौम्य म्हणून निवडलेले गेम हिंसेखेरीजही बऱ्याच बाबतींत वेगळे असतात. गोळीबाराचा गेम अवघड, वेगवान आणि स्पर्धेचा, तर सौम्य गेम कोडे सोडवण्याचा. गोळ्या झाडून चीड आली की सतत हरल्याने, हे अशा तुलनेतून कळत नाही.

ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्शिबिल्स्की आणि अमेरिकेतील एडवर्ड डेसी, स्कॉट रिग्बी व रिचर्ड रायन यांनी २०१४ मध्ये ही गाठ सोडवली. त्यांनी गेम बदलले नाहीत, त्यांचे तुकडे केले. ‘हाफ-लाइफ २’ या गोळीबाराच्या गेमची एक प्रत हिंसक ठेवली. दुसरीत शत्रू रक्तबंबाळ होण्याऐवजी तरंगत वर जाऊन नाहीसे होत. नियंत्रण शिकवून खेळायला बसवले की न शिकवता, हेही वेगवेगळे केले. खेळून आलेल्या रागाचा अंदाज हिंसेवरून लागला नाही, खेळता येत होते की नव्हते यावरून लागला. मग त्यांनी एकही गोळी नसलेला ‘टेट्रिस’ घेतला. त्याच्या एका प्रतीत संगणक मुद्दामच सर्वांत गैरसोयीचे तुकडे देई. सहभागींनी आधी पंचवीस सेकंद बर्फगार पाण्यात हात बुडवला होता आणि ही वेळ आधीच्या माणसाने ठरवली आहे असे त्यांना भासवले होते. खेळून झाल्यावर पुढच्या माणसासाठी वेळ त्यांनी ठरवायची होती. छळवादी टेट्रिस खेळलेल्यांनी सरासरी दहा सेकंद जास्त नेमले. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे गृहीतक अशा रीतीने शून्य हिंसेच्या गेममध्ये पुन्हा उगवले. संशोधकांनी त्याला नवे नाव दिले, क्षमतेची गरज अडवली जाणे.

यावरून हिंसक आशयाचा परिणाम शून्य, असा अर्थ निघत नाही. प्रयोगाने एवढेच दाखवले की खेळल्यानंतर लगेच येणारा चिडचिडेपणा हा आशयाचा पुरावा मानता येत नाही. सामाजिक अध्ययनाचा दावा मुळात मिनिटांचा नव्हता. वारंवार पाहून एखादे वर्तन सवयीच्या भांडारात जाणे, ते सामान्य वाटू लागणे, असा तो दावा आहे, आणि त्याची कसोटी फक्त दीर्घकालीन अभ्यासात लागते. २०१८ मध्ये अ‍ॅना प्रेस्कॉट, जेम्स सार्जंट आणि जे हल यांनी अशा २४ अभ्यासांतील सतरा हजारांहून अधिक मुलांची आकडेवारी एकत्र केली. हिंसक गेम खेळणाऱ्यांची नंतरची शारीरिक आक्रमकता किंचित जास्त निघाली. आधीची आक्रमकता आणि इतर घटक वजा केल्यावर संबंध आणखी घटला, पण शून्य झाला नाही.

दुसरीकडे प्शिबिल्स्की आणि नेट्टा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधील १,००४ किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. विश्लेषण कसे करायचे हे त्यांनी माहिती पाहण्याआधीच नोंदवून ठेवले होते, मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना विचारले होते आणि गेमची हिंसकता मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वर्गवारीवरून ठरवली होती. त्यांना काहीच संबंध आढळला नाही. आधीच नोंदवण्याचा हा शिरस्ता उगाच आलेला नाही. प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाजाचा झटका देण्याची एक कसोटी या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरली जाते. झटक्याची तीव्रता घ्यायची की कालावधी, पहिला झटका की सगळ्यांची सरासरी, हे संशोधक आपापले ठरवत. माल्टे एल्सन यांनी मोजले तेव्हा सुमारे एकशेतीस शोधनिबंधांत त्याच कसोटीची दीडशेहून अधिक वेगवेगळी गणिते निघाली. इतके पर्याय हाताशी असताना कुठल्या तरी एकात हवा तो निकाल सापडतोच.

न्यायालयांनीही हा पुरावा तोलून पाहिला आहे. अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. बहुमताच्या निकालात हे अभ्यास सहसंबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, असे म्हटले होते. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने २०१५ च्या ठरावात हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध मान्य केला होता. २०२० मध्ये तो सुधारताना तिने आक्रमकता म्हणजे आरडाओरड, धक्काबुक्की यांसारखे वर्तन इतकीच व्याप्ती स्पष्ट केली, आणि गोळीबारासारख्या हिंसक गुन्ह्यांचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असे नमूद केले.